दरवर्षी वाढत जाणारं आणि कधीच न संपणारं पेमेंट: त्याची आजची किंमत कशी काढायची

एक ट्रस्ट आहे असं धरा. आजपासून बरोबर एक वर्षानं तो तुम्हाला 1 लाख देणार, त्याच्या पुढच्या वर्षी 3% वाढवून 1 लाख 3 हजार, मग 1 लाख 6 हजार 90, आणि असं पुढे चालूच, तुमच्यानंतर तुमच्या वारसांना, त्यांच्यानंतर त्यांच्या वारसांना, शेवटची तारीखच नाही. (चलन मुद्दाम लिहिलेलं नाहीये, तुमचं जे असेल ते घ्या, गणित तेच राहतं.) आता कोणी विचारलं की हा हक्क आज विकत घ्यायचा झाला तर किती द्यायचे? पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास म्हणतो की पैसे अनंत काळ येणार म्हणजे किंमतही अनंत असणार. तसं नसतं. वर्षाला 8% परतावा धरला तर या हक्काची किंमत बरोबर 20 लाख येते आणि ती काढायला एका ओळीचा फॉर्म्युला पुरतो.

फॉर्म्युला सोपा आहे, पण तो लावायच्या आधी ट्रस्ट डीडमधली, म्हणजे ट्रस्टच्या लेखी दस्तऐवजातली, वाक्यं नीट वाचावी लागतात आणि सगळी माती तिथेच होते. म्हणून खाली फॉर्म्युल्यावर कमी आणि वाचण्यावर जास्त लिहिलंय.

पायरी 1: आधी न वाढणारं पेमेंट समजून घ्या

दरवर्षी तेवढीच रक्कम, कायमची. याला पर्पेच्युइटी म्हणतात. किंमत काढायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे प्रश्न उलटा विचारायचा: 8% मिळत असतील तर दरवर्षी 1 लाख काढता यावेत आणि मुद्दल जसंच्या तसं राहावं यासाठी आज किती ठेवावे लागतील? साडेबारा लाख. साडेबारा लाखावर 8% म्हणजे 1 लाख, ते काढून घेतले, मुद्दल तिथेच, पुढच्या वर्षी परत तेच. जे साडेबारा लाखात स्वतः उभं करता येतं त्यासाठी कोणी तेरा लाख देणार नाही, आणि विकणाराही बारात देणार नाही, म्हणून किंमत साडेबारा लाख.

`P = C / r`

C म्हणजे दरवर्षीची रक्कम, r म्हणजे डिस्काउंट रेट, म्हणजे तेवढीच जोखीम असलेल्या दुसऱ्या ठिकाणी पैसे लावले तर जो परतावा मिळाला असता तो.

अनंत पेमेंट्सची बेरीज मर्यादित कशी येते हे ज्यांना खटकतं त्यांनी लांबची पेमेंट्स आज कितीची आहेत ते बघावं. 8% ने 50 वर्षांनी येणारे 1 लाख आज साधारण 2,132 चे आहेत, म्हणजे आज 2,132 ठेवले तर 50 वर्षांत त्याचे 1 लाख होतात, आणि 100 वर्षांनी येणारे 1 लाख आज फक्त 45 चे. त्यापुढची पेमेंट्स असून नसल्यासारखीच, बेरजेत ती काही भर घालत नाहीत.

अशी कागदपत्रं खरंच असतात बरं का, नुसती पुस्तकातली गोष्ट नाहीये. नेदरलँड्समध्ये लेक नदीचा बांध सांभाळणाऱ्या एका जलमंडळानं 1648 साली काढलेला एक बाँड आज येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, त्यांनी तो 2003 मध्ये घेतला, आणि त्याच्यावर अजून व्याज मिळतं. 2015 मध्ये त्यांनी 12 वर्षांचं साचलेलं व्याज घेतलं ते 136.20 युरो, म्हणजे वर्षाला 11.35 युरो. कागद साडेतीनशे वर्षांहून जास्त टिकला, पैसे देणाराही टिकला, पण रक्कम वाढत नव्हती त्यामुळे हातात काय येतं ते बघा. म्हणूनच ट्रस्ट करणारी माणसं वाढीचं कलम घालतात.

पायरी 2: वाढ घाला, आणि मुद्दलाचं काय होतं ते बघा

`P = C1 / (r - g)`

g म्हणजे दरवर्षीची वाढ. आपल्या ट्रस्टमध्ये C1 = 1 लाख, r = 8%, g = 3%, म्हणून 1 लाख भागिले 0.05, उत्तर 20 लाख.

आता हे पाठ करण्यापेक्षा 20 लाख घेऊन तीन वर्षं स्वतः चालवून बघा, मग परत कधी विसरणार नाही. पहिल्या वर्षी 20 लाखावर 8% म्हणजे 1 लाख 60 हजार आले, त्यातून 1 लाख दिले, उरले 60 हजार ते मुद्दलात गेले, मुद्दल झालं 20 लाख 60 हजार. दुसऱ्या वर्षी त्यावर 1,64,800 आले, 1,03,000 दिले, 61,800 मुद्दलात, मुद्दल 21,21,800. तिसऱ्या वर्षी 1,69,744 आले, 1,06,090 दिले, 63,654 मागे राहिले, मुद्दल 21,85,454. मुद्दल दरवर्षी बरोबर 3% नं वाढतंय, पेमेंटही 3% नंच वाढतंय, दोघं हातात हात घालून चाललेत, त्यामुळे हे कधी थांबायचं कारणच नाही.

म्हणजे r - g चा अर्थ काय, तर मुद्दल 8% कमावतं, त्यातले 3% मुद्दल वाढवायला मागे ठेवायचे आणि उरलेले 5% वाटायचे. 20 लाखाचे 5% म्हणजे 1 लाख. पुढच्या वर्षी जास्त द्यायचं असेल तर या वर्षी कमाईतलं थोडं हाताशी राखावं लागतं, एवढीच गोष्ट आहे. वाढ नको असेल तर सगळे 8% वाटता येतात, म्हणून त्याच 1 लाखासाठी साडेबारा लाखच पुरतात. वाढीच्या कलमाची किंमत झाली साडेसात लाख.

पायरी 3: पहिलं पेमेंट नेमकं कधी?

फॉर्म्युल्यात एक गोष्ट लपलेली आहे जी तो कुठे सांगत नाही. C1 हे आजपासून बरोबर एक पिरियडनंतरचं पेमेंट असतं आणि जे उत्तर येतं ते पहिल्या पेमेंटच्या एक पिरियड आधीचं असतं. लोक हे ऐकतात, मान डोलावतात आणि पुढच्याच गणितात विसरतात.

“ट्रस्ट वर्षाला 1 लाख देतो, 3% वाढीनं” एवढ्या एका वाक्याचे तीन अर्थ निघतात. पहिलं 1 लाखाचं पेमेंट एक वर्षानं आहे, तर किंमत 20 लाख. 1 लाख कालच देऊन झाले, आता पुढचं पेमेंट एक वर्षानं, मग ते 1 लाख 3 हजारांचं आहे, म्हणजे C1 च्या जागी 1.03 लाख घालायचे आणि किंमत 20 लाख 60 हजार. आणि 1 लाख आत्ता, आजच मिळणार आहेत, म्हणजे हातातले 1 लाख अधिक पुढच्या सगळ्याचे 20 लाख 60 हजार, एकूण 21 लाख 60 हजार. शेवटचं उत्तर दुसऱ्या रस्त्यानंही पडताळता येतं, 20 लाख गुणिले 1.08 करा, तेच येतं, कारण सगळी रांग एक वर्ष अलीकडे सरकली आहे.

उशिरा सुरू होणारं ट्रस्ट असेल तर घोळ अजून वाढतो. समजा पहिलं 1 लाखाचं पेमेंट आजपासून 5 वर्षांनी आहे. इथे जवळजवळ प्रत्येक नवखा 20 लाख काढतो आणि 5 वर्षांनी मागे आणतो, म्हणजे 1.08 नं पाच वेळा भागतो, उत्तर येतं 13 लाख 61 हजार. चूक. फॉर्म्युल्यानं दिलेले 20 लाख हे पहिल्या पेमेंटच्या एक वर्ष आधीचे, म्हणजे चौथ्या वर्षाच्या शेवटचे आहेत, त्यामुळे 4 वर्षांनीच मागे आणायचं: 20 लाख भागिले 1.08 चा चौथा घात, 1.3605, म्हणजे 14 लाख 70 हजार. एका वर्षाच्या गफलतीत लाखाच्या वर फरक पडला.

मी अजूनही कागदावर एक आडवी रेघ मारतो, 0, 1, 2, 3 लिहितो आणि प्रत्येक आकड्याखाली रक्कम लिहितो. बालवाडीतलं काम वाटतं, पण करा.

सुरुवातीची काही वर्षं वाढ वेगळी आणि नंतर कायमची वेगळी असेल, म्हणजे पहिली दहा वर्षं 6% आणि पुढे 3% वगैरे, तरी हीच युक्ती चालते. पहिली दहा पेमेंट्स एकेक करून आजच्या किमतीत आणायची, अकराव्यापासून पुढच्या सगळ्यांना फॉर्म्युला लावायचा, आणि ते उत्तर दहा वर्षांनी मागे आणायचं, अकरानं नाही.

पायरी 4: वाढ टक्क्यात आहे की ठरलेल्या रकमेत?

इथे मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कामाला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हा एका ट्रस्टचं डीड माझ्याकडे आलं. त्यात मजकूर साधारण असा होता की पहिल्या वर्षी 1 लाख द्यावेत आणि त्यानंतर दरवर्षी मूळ रकमेच्या 5% इतकी वाढ करावी. मी 5% वाचलं, g = 5% धरलं, r होता 8%, म्हणजे 1 लाख भागिले 0.03, तेहेतीस लाख तेहेतीस हजार, आणि मोठ्या उत्साहात आकडा घेऊन आमच्या सीनियर मॅडमकडे गेलो. त्यांनी आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“तिसऱ्या वर्षी किती मिळणार?” त्यांनी विचारलं.

“1 लाख 10 हजार 250,” मी म्हणालो.

“मूळ रकमेच्या 5% ना रे? मूळ रक्कम किती?”

1 लाख. त्याचे 5% म्हणजे 5 हजार, दरवर्षी फक्त 5 हजार. दुसऱ्या वर्षी 1 लाख 5 हजार, तिसऱ्या वर्षी 1 लाख 10 हजार, चौथ्या वर्षी 1 लाख 15 हजार. वाढीवर वाढ नाही. आणि मजा अशी की दुसऱ्या वर्षाचा आकडा दोन्ही अर्थांनी 1 लाख 5 हजारच येतो, त्यामुळे तिथे चूक पकडलीच जात नाही, फरक पहिल्यांदा दिसतो तो तिसऱ्या वर्षी आणि तोही फक्त 250 चा. तेव्हापासून माझा नियम आहे, ज्यानं डीड लिहिलं किंवा जो पैसे देणार त्याला तिसऱ्या वर्षाची रक्कम आकड्यात लिहून मागायची.

अशा ठरलेल्या रकमेनं वाढणाऱ्या पेमेंटचा फॉर्म्युला वेगळा आहे:

`P = C1 / r + d / r^2`

d म्हणजे दरवर्षीची वाढ रकमेत, इथे 5 हजार. हा कुठून आला ते बघा, अजिबात अवघड नाही. आधी फक्त मूळ 1 लाख घ्या, कायमचे, त्याची किंमत साडेबारा लाख. आता दुसऱ्या वर्षी जे 5 हजार वाढतात ते पुढे कायम मिळत राहतात, म्हणजे ती 5 हजारांची एक छोटी स्वतंत्र पर्पेच्युइटीच झाली, तिची पहिल्या वर्षाअखेरची किंमत 5 हजार भागिले 0.08, म्हणजे 62,500. तिसऱ्या वर्षी आणखी 5 हजार वाढतात, ती दुसरी छोटी पर्पेच्युइटी, दुसऱ्या वर्षाअखेर 62,500. असं दरवर्षी एक नवीन. म्हणजे दरवर्षी 62,500 हातात पडल्यासारखंच झालं, कायमचं, आणि त्याची आजची किंमत 62,500 भागिले 0.08, म्हणजे 7 लाख 81 हजार 250. दोन्ही मिळून 20 लाख 31 हजार 250.

मी सांगितले होते तेहेतीस लाख, खरे होते वीस. दोन शब्दांचा, “मूळ रकमेच्या”, हा फरक.

पायरी 5: महागाई एकदाच मोजा

काही ट्रस्टमध्ये ठरलेला टक्का नसतो, “महागाईनुसार वाढ” असं लिहिलेलं असतं. मग महागाईचा अंदाज धरावा लागतो, समजा 3%. इथे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, फक्त अर्धा हा आणि अर्धा तो असं करायचं नाही.

पहिला रस्ता म्हणजे सगळं छापील रकमेत ठेवायचं, म्हणजे त्या त्या वर्षी प्रत्यक्ष जेवढे हातात येतील तेवढे. r 8%, g 3%, उत्तर 20 लाख, वर केलंच आहे.

दुसरा रस्ता म्हणजे सगळं आजच्या खरेदीशक्तीत मोजायचं. मग वाढ शून्य होते, कारण पेमेंट महागाईइतकंच वाढतंय, खरी वाढ काहीच नाही. पण मग रेटमधूनही महागाई काढायला लागते: 1.08 भागिले 1.03, त्यातून 1 वजा, म्हणजे 4.854%. (8 वजा 3 करून 5% धरतात तो अंदाज आहे, घाईत ठीक, कागदावर लिहायला नाही.) आणि पहिलं पेमेंटही आजच्या पैशात आणायचं, एक वर्षानं येणारे 1 लाख म्हणजे आजचे 97,087. आता 97,087 भागिले 0.04854, उत्तर परत 20 लाख. जुळलं.

चुका कशा होतात बघा. कोणी छापील 8% घेतो आणि म्हणतो खरी वाढ तर शून्य आहे, म्हणून 1 लाख भागिले 0.08, साडेबारा लाख, फारच कमी. दुसरा कोणी महागाई काढलेला 4.854% घेतो आणि त्यातून परत 3% वाढ वजा करतो, उरतात 1.854%, आणि किंमत येते जवळजवळ 54 लाख. एकच ट्रस्ट, एक जण साडेबारा सांगतोय, एक जण चोपन्न, आणि दोघांचाही फॉर्म्युला “बरोबर” आहे. असे दोन आकडे भांडताना दिसले की पहिल्यांदा हेच विचारायचं की तुमच्या r मध्ये महागाई आहे का आणि तुमच्या g मध्ये आहे का.

पायरी 6: r आणि g मधलं अंतर बघा

r ठरवणं हा या सगळ्यातला सगळ्यात कमी गणिती आणि सगळ्यात जास्त वादाचा भाग. पाया म्हणून त्याच चलनातल्या लांब मुदतीच्या सरकारी बाँडचा दर घेतात आणि पैसे देणाऱ्याची खात्री जितकी कमी तितकं वर जोडतात. पेमेंट ट्रस्टच्या शेअर गुंतवणुकीवर अवलंबून असेल तर जास्त, बँकेत ठेवलेल्या रकमेवर असेल तर कमी. एकच बरोबर आकडा कोणी देऊ शकत नाही.

आणि तरीही उत्तर त्याच आकड्यावर नाचतं. 8 आणि 3 वर 20 लाख. वाढ 4% धरली तर 25 लाख. रेट 7 आणि वाढ 4 केली तर 33 लाखांच्या वर. 6 आणि 4 वर 50 लाख. 6 आणि 5 वर 1 कोटी. कोणताही एक बदल बघितला तर एकदोन टक्क्यांचा, पण फरक r आणि g च्या वजाबाकीत पडतो आणि तो भागाकारात खाली बसलाय. अंतर पाचाचं चार झालं तर किंमत सव्वापट, दोनाचं एक झालं तर दुप्पट. म्हणून r - g जर 2% च्या आसपास किंवा खाली आलं तर मी त्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही, एकच आकडा सांगण्याऐवजी “इतके ते इतके” असा पट्टा सांगतो.

g जर r इतकी किंवा त्याहून जास्त धरली तर फॉर्म्युला शून्यानं भागतो किंवा सरळ उणे उत्तर देतो. उणे किंमत म्हणजे ट्रस्ट घ्यायला उलट तुम्हालाच कोणी पैसे देईल असं नाही, फॉर्म्युला त्या ठिकाणी लागूच होत नाही एवढाच अर्थ. लांबची पेमेंट्स आजच्या किमतीत लहान व्हायच्या ऐवजी मोठी होत जातात आणि बेरीज कुठे थांबतच नाही. प्रत्यक्षात असं कोणी देऊ शकत नाही, कारण सगळ्या अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त वेगानं कुठलीही एक रक्कम कायम वाढत राहिली तर शेवटी ती अर्थव्यवस्थेपेक्षाच मोठी होईल. पाचदहा वर्षं 9% वाढ चालेल, ती पायरी 3 मधल्या रीतीनं वेगळी मोजा, पण कायमची g धरताना हात आखडता ठेवा.

उत्तर पडताळायचं असेल तर शीट उघडा. B1 मध्ये पहिली रक्कम, B2 मध्ये रेट, B3 मध्ये वाढ, आणि कुठल्याही सेलमध्ये फॉर्म्युला:

```
=B1/(B2-B3)
```

मग A6 पासून खाली 1 ते 200 वर्षं लिहा, B6 मध्ये खालचं टाका आणि B205 पर्यंत ओढा:

```
=$B$1*(1+$B$3)^(A6-1)/(1+$B$2)^A6
```

बेरीज घेतली की आपल्या ट्रस्टसाठी 20 लाखांना साधारण दीडशे कमी इतकी येते. जर बरीच वेगळी आली तर बहुतेक वेळा घातातला `-1` राहिलेला असतो, म्हणजे परत पहिल्या पेमेंटचाच घोळ.

या कॉलममध्ये अजून एक गोष्ट दिसते जी फॉर्म्युल्यात दिसत नाही. पहिल्या 20 वर्षांची बेरीज साधारण 12 लाख 25 हजार, 50 वर्षांची 18 लाख 13 हजार, 100 वर्षांची 19 लाख 83 हजार. म्हणजे ट्रस्ट कायमचा नसून 100 वर्षांचाच आहे असं उद्या कळलं तरी किंमत जेमतेम 17 हजारांनी कमी होते. पण 20 वर्षांनी तो बंद करायचा अधिकार कोणाला असेल तर जवळजवळ पावणेआठ लाख गेले. न वाढणाऱ्या पेमेंटमध्ये 79% किंमत पहिल्या 20 वर्षांतच येऊन जाते, वाढणाऱ्यात 61%. वाढ जितकी जास्त तितकी किंमत लांबच्या वर्षांत बसलेली असते, म्हणून डीडमधलं “ट्रस्ट केव्हा बंद करता येईल” हे कलम वाढणाऱ्या ट्रस्टमध्ये दोनदा वाचा. आणि कागदावर मुदत असेल, भले 60 वर्षांची, तर कायमचा फॉर्म्युला लावूच नका, शीट तेवढ्या ओळींवर थांबवा.

पायरी 7: तुम्ही घेणारे नसून ट्रस्ट उभारणारे असाल तर

इथपर्यंत आपण येणाऱ्या पैशांची किंमत काढत होतो. ट्रस्टमध्ये किती घालावे लागतील हाही त्याच फॉर्म्युल्यानं सुटणारा प्रश्न आहे, पण त्यात दोन गोष्टी जास्तीच्या येतात.

एक म्हणजे खर्च. सांभाळणाऱ्याची फी, हिशोब, तपासणी मिळून दरवर्षी मुद्दलाचा 1% जात असेल तर तुमचा r 8 नाही, 7 आहे. 1 लाख भागिले 0.04, म्हणजे 25 लाख लागणार. 1% फीनं 5 लाख वाढले, आणि हे लोकांना सांगितलं की त्यांचा विश्वासच बसत नाही, एक टक्काच तर आहे ना म्हणतात. पण वाटायला पाच टक्के होते, त्यातला एक गेला, म्हणजे पाचवा हिस्सा गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे 8% हा सरासरी आकडा असतो, दरवर्षी इमानेइतबारे येणारा नसतो. फी विसरा, परत 20 लाखांवर या, आणि पहिल्याच वर्षी बाजार पडला आणि मुद्दल 20% नं घटलं असं धरा. 16 लाख राहिले, 1 लाख दिले, राहिले 15. पुढचं पेमेंट 1 लाख 3 हजारांचं आणि ते 3% नं कायम चालवायला हवे होते 20 लाख 60 हजार. त्यानंतर अगदी दरवर्षी न चुकता 8% मिळाले तरी आणखी 27 पेमेंट्स पूर्ण होतात आणि त्याच्या पुढच्याला पैसे पुरत नाहीत. कायमचा ट्रस्ट, एका वाईट वर्षानं तीस वर्षांच्या आत संपला, आणि गंमत म्हणजे पहिली कितीतरी वर्षं पेमेंट वेळेवर होत असतात त्यामुळे कोणाला काही कळतच नाही.

कळायची खूण साधी आहे. दरवर्षी पेमेंट दिल्यावर शिल्लक मुद्दल घ्या, पुढच्या पेमेंटला त्यानं भागा, आणि आलेला टक्का r मधून वजा करा. जे उरतं तेवढीच वाढ आता परवडते. वरच्या उदाहरणात 1.03 भागिले 15 म्हणजे 6.87%, 8 मधून गेले की राहिले 1.13%. डीडमध्ये 3% लिहिलेत आणि परवडतात 1.13%, म्हणजे एकतर वाढ तेवढ्यावर आणायची किंवा वरून 5 लाख 60 हजार घालायचे. म्हणून आता कोणी डीडचा मसुदा दाखवायला आणला की मी “दरवर्षी 3% वाढ” च्या पुढे “किंवा मुद्दलाला परवडेल तेवढी, यातलं जे कमी ते” असं घालायला सांगतो. घेणाऱ्यासाठी मात्र या एका ओळीनं वाढीची हमी जाते, त्यामुळे किंमत काढताना तुम्ही त्या बाजूला असाल तर g पूर्ण 3% धरू नका.